अडलेला शब्द आणि पुढची दोन वाक्यं

लोकलमध्ये पेपर वाचताना शब्द अडला की थांबू नकोस, पुढची दोन वाक्यं वाच. समज, ठाण्याच्या पानावर आहे: ‘दिव्यातील अनधिकृत इमारतीवर निष्कासनाची कारवाई झाली. जेसीबीने दोन मजले तोडले. उर्वरित भाग उद्या पाडला जाईल.’ ‘अनधिकृत’मधून कारण कळतं, ‘जेसीबी’मधून साधन, आणि ‘उर्वरित भाग पाडणं’ म्हणजे तर थेट अर्थच. आता ‘निष्कासना’च्या जागी ‘पाडकाम’ घालून वाच. वाक्य नीट बसतं. पहिल्याच वाक्यावर थांबला असतास तर ‘सील करणं’ही बसलं असतं! कोर्टाच्या बातमीत मात्र जपून. तिथे ‘स्थगित’च्या जागी ‘रद्द’ सहज बसतं आणि बातमीचा अर्थच बदलतो. असा शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर, घरी शब्दकोशात बघ.