नाव वेगळं, पण पुडा ओळखीचा

प्रश्न : वकीलसाहेब, जळगावात आमची दोन सुपरमार्केटं आहेत, तिसरं अमळनेरला. यंदा स्वतःच्या नावाची चहापत्ती काढली. लाल पुडा, मधे पिवळा गोल, त्यात वाफाळता कप. आता एका मोठ्या चहा कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे : सात दिवसांत विक्री बंद करून लेखी हमी द्या. आमचं नाव तर पूर्ण वेगळं आहे, मग नक्कल कशी? चाळीस हजार पाउच छापून पडलेत. पुढे मीठ, हळद, कपड्यांची पावडरही आणायची आहे. काय करू?

उत्तर : नाव वेगळं असल्याने तुमचा पूर्ण बचाव होत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधल्या ‘मार्क’च्या व्याख्येतच वेष्टन आणि रंगांची जुळणीही येते. कोलगेट आणि अँकर या नावांत काडीचं साम्य नाही. तरी दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये अँकरला मनाई केली. त्याआधी १९७२ मध्ये पार्ले बिस्किटांच्या वेष्टनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सांगितली होती : दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजायचे नाहीत. पहिल्याची पुसट आठवण घेऊन आलेलं साधं गिऱ्हाईक दुसऱ्याला फसेल का, एवढंच बघायचं.

लाल रंग मात्र कोणाच्या मालकीचा नाही. हळदीला पिवळा, मिरचीला लाल हे सगळा बाजारच वापरतो. अडचण जुळणीची आहे : तोच लाल, तोच गोल त्याच जागी, त्यात तोच कप. आणि खरं सांगा, डिझायनरला कंपनीच्या पुड्याचा फोटो पाठवून ‘असंच कर’ लिहिलं होतं का? तो मेसेज कोर्टासमोर आला तर हेतूवर वेगळा युक्तिवाद उरत नाही. पण म्हणून तो पुसू नका. नोटिशीनंतर पुरावा नष्ट करणं अंगाशी येतं.

नोटीस फडताळात टाकू नका. पुड्याची नोंदणी असेल तर कंपनी आपलं मुख्य कार्यालय जिथे आहे तिथल्या कोर्टात दावा लावू शकते, फेऱ्या मात्र तुम्हाला. तुमचं न ऐकता तात्पुरती मनाई मिळू शकते आणि कोर्टाचा माणूस गोदामाला सील लावू शकतो. त्यामुळे तिन्ही दुकानांतले पुडे आजच फळीवरून काढा आणि मुदतीच्या आत उत्तर द्या. उरलेले पाउच वापरायला वेळ मागून बघा, पण मिळेलच असं धरू नका. कंपनी छपाईचे सिलिंडरही मोडायला सांगेल, ते मान्य करा.

हमीचा मसुदा त्यांचाच येईल. त्यात बहुधा ‘लाल व पिवळा रंग कधीही वापरणार नाही’ असं वाक्य असतं. ते खोडा. ‘सोबत जोडलेल्या चित्रातला पुडा आणि त्याच्याशी फसवं साम्य असलेला पुडा वापरणार नाही’ एवढंच लिहा, आणि चूक कबूल न करता लिहा. नाहीतर उद्या तुमच्या हळदीच्या पिवळ्या पुड्यावरही तीच हमी दाखवतील.

आता पुढच्या मालाचं. चहा काढताना चहातल्या मोठ्या ब्रँडकडे बघायचं, मीठ काढताना मिठातल्या, पावडर काढताना पावडरीतल्या, म्हणजे दर मालामागे एक नवी नोटीस. शिवाय गिऱ्हाइकालाही चार पुडे चार दुकानांचे वाटतात आणि प्रत्येक ‘तसलाच, पण स्वस्तातला’. त्याऐवजी ओळख दुकानाची ठेवा. पुड्याचा वरचा तिसरा भाग सगळ्या मालावर एकाच रंगाचा, त्यात तुमचं नाव एकाच जागी, एकाच अक्षरवळणात. खाली मालागणिक फक्त रंग आणि चित्र बदलू द्या. चहाला वाफाळता कप नको, पानंही नकोत, तुम्ही कशी पत्ती विकता ते दिसू द्या. छपाईआधी नमुना पुडा मोठ्या ब्रँडच्या रांगेत ठेवा, नावावर कागद चिकटवा आणि बाहेरच्या दोन-चार गिऱ्हाइकांना लांबून विचारा, हा कोणाचा? मोठ्या ब्रँडचं नाव निघालं तर सिलिंडर बनवू नका. नोकरांना विचारू नका, ते मालकाच्या सोयीचंच बोलतात.

डिझायनर बाहेरचा असेल तर चित्राचे हक्क बिल भरल्याने आपोआप तुमचे होतात असं धरू नका. लेखी हस्तांतरण घ्या आणि त्यात मुदत लिहा. मुदत नसेल तर कायदा ते पाच वर्षांचंच धरतो.

नोंदणीसाठी चहा, मीठ, हळद हे तिन्ही वर्ग ३० मध्ये येतात, कपड्यांची पावडर वर्ग ३ मध्ये. नाव आणि तो वरचा पट्टा, दोन्हींचे अर्ज वेगळे करा. नावात नुसतं ‘खान्देशी’ किंवा ‘जळगाव’ नको. गावाचं नाव कुणा एकाला सहसा मिळत नाही, आणि मिळालं तरी शेजारच्या दुकानदाराला तुम्ही अडवू शकणार नाही.