खुर्चीत कोसळल्यापासून दवाखान्यापर्यंतची पंचेचाळीस मिनिटे

प्रश्न : माझे पती (वय 45) लातूर एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या ऑफिसात अकाउंटंट होते. पगार 24,000 रुपये होता. 20 ऑगस्ट 2025 ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास ते टेबलावरच कोसळले. सोबतच्यांनी तोंडावर पाणी मारले, मालकांना फोन लावला आणि 108 ला फोन केला तेव्हा पावणेचार वाजले होते. शेवटी मालकांच्याच गाडीतून दवाखान्यात नेले. चार वाजता डॉक्टरांनी मृत घोषित केले. पोस्टमॉर्टममध्ये हृदयविकाराचा झटका असे आले. त्यांना बीपीचा त्रास होता. सकाळीच छातीत दुखतंय म्हणून त्यांनी घरी जाऊ द्या म्हटले होते, पण जीएसटीचे रिटर्न भरूनच जा असे सांगण्यात आले, हे एका सहकाऱ्याने मला नंतर सांगितले. मालक म्हणतात, हा नैसर्गिक मृत्यू आहे, दोन लाख घ्या आणि कागदावर सही करा. अँब्युलन्स उशिरा बोलावली म्हणून केस होते का? मी सध्या गंगाखेडला माहेरी आहे.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, प्रथम एवढेच सांगतो की त्या कागदावर सही करू नका. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 17 नुसार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकाने या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्तांकडे जमा करायची असते (कलम 8). परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई दिल्याचे धरले जात नाहीत. अपवाद आहे तो तीन महिन्यांच्या पगाराइतक्या आगाऊ रकमेचा. कायद्याने सही बांधील नसली, तरी असा कागद पुढे उलटतपासणीत आपल्यासमोर धरला जातो आणि निष्कारण त्रास होतो.

आता अँब्युलन्सच्या उशिराबद्दल. आपला सगळा रोष त्या अर्ध्या तासावर आहे, आणि तो समजण्यासारखा आहे; परंतु दावा त्यावर उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उशिरामुळेच मृत्यू झाला असे म्हटले, की फोन सव्वातीनला झाला असता तर ते वाचले असते, हे डॉक्टरांच्या साक्षीने सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, आणि समोरचे वकील नेमके त्याच ठिकाणी पाय रोवतात. घाबरून पाणी मारणाऱ्या किंवा आधी मालकांना फोन करणाऱ्या सहकाऱ्यांवर फौजदारी गुन्हा टिकणेही अवघड आहे. शिवाय हीच माणसे उद्या आपले साक्षीदार आहेत. 1923 च्या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करण्याची अटच नाही. काम करताना आणि कामाच्या कारणाने अपघात झाला, एवढे दाखवायचे असते. आणि बाधित माणसाच्या दृष्टीने अनपेक्षितपणे ओढवलेला हृदयविकाराचा झटकाही अपघात ठरू शकतो.

मात्र ‘ऑफिसात गेले’ एवढ्याने भागत नाही. एका वाहनावरील क्लीनरच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितले, की झटका कामावर आला हे पुरेसे नाही, कामाचा ताण आणि झटका यांचा संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. तो पुरावा नसल्याने तेथे भरपाई नाकारली गेली. दुसरीकडे, बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या एका हृदयरोगी पहारेकऱ्याच्या पत्नीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने 1950 च्या दशकातच मान्य केले होते, की आजार आधीपासून असला तरी कामाच्या ताणाने मृत्यू ओढवण्यास हातभार लावला असेल तर मालक जबाबदार असतो. म्हणून ‘त्यांना बीपी होता’ हे मालकांचे उत्तर आपला दावा संपवत नाही. आपली केस या दोन निर्णयांच्या मधोमध कुठे बसते, हे सकाळच्या त्या एका वाक्यावर ठरेल. छातीत दुखत असल्याचे सांगूनही 20 तारखेच्या मुदतीसाठी त्यांना खुर्चीवर बसवून ठेवले, हे सिद्ध झाले तर ताणाचा दुवा मिळतो.

त्यासाठी त्या दिवसाचा वेळापट सकाळपासून तयार करा. हजेरीच्या मशीनवरील वेळ, टॅलीतील नोंदींच्या वेळा, पोर्टलवर रिटर्न भरल्याच्या पावतीवरील वेळ, आधीच्या दोन-तीन रात्री उशिरा पाठवलेले ई-मेल आणि व्हॉट्सअॅप संदेश, हे सारे ताण दाखवते. त्यांचा मोबाइल रीसेट करू नका, कोणाला देऊही नका. संगणकावरील नोंदी पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ऑफिसचे सीसीटीव्ही चित्रण बहुधा काही आठवड्यांत पुसले जाते, त्यामुळे त्याची आशा कमी ठेवा. पोलिसांनी डीव्हीआर घेतला होता का, एवढे विचारा.

पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद झालेली असणार. तिच्यासोबतचा पंचनामा, सहकाऱ्यांचे जबाब आणि पोस्टमॉर्टम अहवाल यांच्या नकला मागा. तेव्हाचे जबाब ताज्या आठवणीतले असतात, म्हणून ‘सकाळी तब्येत बरी नव्हती’ असे एखाद्याने त्या वेळी सांगून ठेवले असेल तर ते सोन्यासारखे आहे. 108 च्या फोनची नोंद, गाडी निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ ही आयुक्तांमार्फत कलम 23 खाली मागवता येते. म्हणजे तो अर्धा तास वाया जात नाही. मालकांच्या परवानगीशिवाय ऑफिसात काही हलत नव्हते, हे त्यातून दिसते. मिल कारखाना म्हणून नोंदलेली असेल तर आणखी एक प्रश्न विचारता येईल : तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम 45 नुसार प्रथमोपचार पेटी सांभाळणारी प्रमाणित व्यक्ती कामाच्या वेळेत हजर असावी लागत होती, ती सव्वातीनला कुठे होती?

ज्या सहकाऱ्याने आपल्याला खरे सांगितले, त्याच्यावर आत्ता प्रतिज्ञापत्राची सक्ती करू नका. त्याची नोकरी तिथेच आहे. आयुक्तांचे समन्स आले की त्याला यावेच लागते आणि मालकांनाही तो ‘स्वतःहून गेला’ असे म्हणता येत नाही.

आपले पती क्लार्क वर्गातले होते, म्हणून हा कायदा लागू नाही, असेही सांगितले जाईल. वीज वापरून उत्पादन चालणाऱ्या जागेतील कारकुनी कामाला वगळणारे शब्द 2009 च्या दुरुस्तीने काढले गेले आणि ती जानेवारी 2010 पासून अमलात आहे. पगार 21,000 च्या वर असल्याने ते ईएसआयच्या कक्षेत नसावेत, तरी पगारपत्रकात ती कपात आहे का हे पाहा, कारण असेल तर भरपाईऐवजी ईएसआयकडे अवलंबितांचे निवृत्तिवेतन मागावे लागते. 1923 च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असली, तरी घटना त्याआधीची आहे, म्हणून दावा जुन्या कायद्याखालीच चालवावा.

रकमेचा हिशेब साधा आहे. मासिक पगार 15,000 रुपयांच्या वर कितीही असला तरी तो या कायद्यासाठी 15,000 रुपयेच धरला जातो. त्याचे निम्मे, म्हणजे 7,500, याला वयाच्या 45 वर्षांसाठीच्या 169.44 या गुणकाने गुणले की 12,70,800 रुपये होतात, आणि अंत्यविधीचा खर्च निराळा. महिन्याच्या आत न दिल्यास 12 टक्के व्याज लागते, आणि योग्य कारणाशिवाय टाळाटाळ केल्यास आयुक्त 50 टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतात. दोन लाखांचा प्रस्ताव याच्याशी ताडून पाहा. पीएफ, त्यासोबतचा विमा आणि ग्रॅच्युइटी हे वेगळे हक्क आहेत. मृत्यूच्या प्रकरणात ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांच्या सेवेची अट लागत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे 20 ऑगस्ट 2027 च्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. आपण गंगाखेडला स्थायिक असाल तर कलम 21 नुसार परभणी जिल्ह्याच्या क्षेत्रातील आयुक्तांकडेही अर्ज करता येतो, लातूरच्या खेपा कराव्या लागत नाहीत. अर्जाआधी आयुक्तांना मृत्यूची लेखी माहिती द्या. कलम 10-अ खाली ते मालकांना नोटीस काढून घटनेचे निवेदन 30 दिवसांत मागवू शकतात. त्या निवेदनात मालक सकाळच्या प्रसंगाबद्दल काय लिहितात, ते वाचल्यावरच दाव्याचा मसुदा पक्का करा.