लसीच्या कार्डाचं अरबी भाषांतर आणि उलटे होणारे आकडे

प्रश्न: आम्ही गुहागरजवळ राहतो. मिस्टर शारजाला आहेत, आता मी, मुलगा आणि आमचा गावठी कुत्रा मोती तिकडे जातोय. मोतीची लसीची नोंद आणि औषधांची चिठ्ठी एकाच कार्डावर आहे, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. मोबाइलवर फोटो काढून अरबी भाषांतराला पाठवला तर चालेल का?

उत्तर: फोटो सरळ पाठवू नका. आमच्या कागदांचा घोळ नेमका इथेच झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कातडीखालची ओळखीची चिप, रेबीजची लस, लसीने रक्तात किती प्रतिकारशक्ती आली ते मोजणारी टायटर तपासणी आणि आयातीचा परवाना हे सगळं मार्गी लागलंय असं धरून चालतो, नसेल तर आधी ते करा. मी पशुवैद्य नाही आणि नियम बदलत असतात, त्यामुळे तुमच्या परवान्यावर जे छापलं असेल तेच शेवटचं.

आधी एक विचारून घ्या: अरबी प्रत नक्की मागितलीय कुणी? मुंबईच्या प्राणी संगरोध केंद्राकडून निघताना जे आरोग्य प्रमाणपत्र मिळतं ते इंग्रजीतच असतं, आणि तिकडच्या बऱ्याच कचेऱ्या इंग्रजी कागद घेतात. जिथे अरबीच हवं असं लेखी सांगतात, तिथे बहुतेक वेळा तिथल्या न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराचा शिक्का लागतो. म्हणजे इथे पैसे भरून करून घेतलेली प्रत तिथे बाद ठरू शकते. मिस्टर तिकडे आहेतच, तर शेवटचं भाषांतर त्यांनी तिथेच करून घ्यावं. तुमचं काम इथून त्यांच्या हातात स्वच्छ मजकूर देण्याचं.

तो स्वच्छ मजकूर म्हणजे कार्डाची टाइप केलेली इंग्रजी नक्कल, खाली लस देणाऱ्या डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. कार्डाचा फोटो तिला पुरावा म्हणून जोडायचा. तिथला भाषांतरकार इजिप्तचा किंवा केरळचा असू शकतो, त्याला मराठी येईलच असं नाही. देवनागरी १ त्याला 9 वाटतो, ५ म्हणजे तर त्याला काहीतरी चिन्ह वाटतं. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात अर्धी तारीख देवनागरीत आणि अर्धी इंग्रजीत लिहिलेली सर्रास सापडते. हे वाचायचं काम आपण आणि आपल्या डॉक्टरांनीच करायचं. आपल्यालाही अक्षर लागलं नाही, तर अंदाजाने भरू नका. नकलेत तिथे ‘अवाच्य’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा चौकटी कंसात टाका, भाषांतरकार त्याला अरबीत ‘ग़ैर मक़रू’ लिहितो. अंदाजाने भरलेला बॅच क्रमांक बाटलीच्या लेबलाशी जुळला नाही, तर पूर्ण कार्डाबद्दल शंका येते.

आता आमचा घोळ. इथल्या एका भाषांतर कचेरीने (नाव घेत नाही) व्हॉट्सअपवरच्या फोटोवरून शिक्क्यानिशी अरबी प्रत दिली. दिसायला झकास. चिपचा क्रमांक मात्र उलटासुलटा. दाखवल्यावर उत्तर आलं, ‘मूळ कार्डावर जसं होतं तसंच टाइप केलंय.’ ते खरंही होतं, आणि त्रास नेमका त्यातच होता. दुरुस्तीचे पैसे पुन्हा मागितले, आणि विमानाच्या तारखेच्या आत बसणारे दिवस गेले ते वेगळेच.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, मग कुठलीही अरबी प्रत स्वतः तपासता येईल. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, पण आकडा तिच्यातही डावीकडून उजवीकडेच लिहितात. सलग आकड्यांचा गठ्ठा संगणक जसाच्या तसा ठेवतो. गठ्ठ्यांच्या मध्ये मोकळी जागा आली की मात्र प्रत्येक गठ्ठा त्याला वेगळा शब्द वाटतो, आणि शब्द तो उजवीकडून मांडत जातो. चिपचा क्रमांक १५ अंकी असतो आणि कार्डावर तो वाचायला सोपा जावा म्हणून तीन-तीन अंकांनंतर जागा सोडून लिहितात. मग असं होतं (क्रमांक काल्पनिक आहे, वरची ओळ कार्डावरची, खालची अरबी प्रतीवर दिसणारी):

```
900 120 047 981 263
263 981 047 120 900
```

चिपचे पहिले तीन अंक देशाचा किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड असतात. कंपनीचा असेल तर तो ९ ने सुरू होतो. तिथला डॉक्टर स्कॅनर फिरवतो, यंत्रावर 900120047981263 येतं, कागदावर डावीकडून 263 ने सुरुवात. त्याच्या लेखी हा कुत्रा वेगळा आणि कागद वेगळे.

उपाय अगदी साधा आहे. नकलेत पंधरा अंक सलग टाइप करा, मध्ये जागा नको, रेघ नको. फोन नंबरचंही तसंच.

तारखेचं दुखणं याच जातीचं, पण जास्त फसवं. तिरकी रेघ दिली तर तारीख सहसा शाबूत राहते. आडवी रेघ दिली तर अरबी अक्षरांच्या मागोमाग आलेली तारीख उलटते, पण तीच तारीख तक्त्याच्या वेगळ्या चौकोनात एकटी असेल तर इंग्रजी आकड्यांत सरळ राहते. म्हणजे एकाच पानावर एक तारीख बरोबर आणि दुसरी उलटी. त्यातून आपल्या डॉक्टरांना वर्ष दोन अंकांत लिहायची सवय:

```
12-08-23
23-08-12
```

अरबी वाचणारा माणूस उजवीकडून वाचून कदाचित बरोबर अर्थ लावेल. त्याच टेबलावर बसलेला इंग्रजी वाचणारा मात्र २३ ऑगस्ट २०१२ वाचतो. दोघांचंही वाचन आपापल्या जागी रास्त, म्हणून वाद घालून उपयोग नाही. महिना अक्षरांत आणि वर्ष चार अंकांत लिहा, म्हणजे प्रश्नच मिटला. अरबी प्रतीत ऑगस्टला ‘अग़ुस्तुस’ असेल असं बघा. सीरिया-लेबनॉनकडचा भाषांतरकार ‘आब’ लिहितो, चूक नाही, पण आखातात पहिलाच शब्द रुळलेला आहे.

औषधांच्या चिठ्ठीवर हाच प्रकार कुत्र्याच्या पोटापर्यंत पोहोचतो. 1-0-1 उलटं केलं तरी 1-0-1 च राहतं, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण फक्त सकाळच्या गोळीसाठी लिहिलेलं 1-0-0 उलटलं की 0-0-1 होतं, म्हणजे फक्त रात्री. नकलेत डोस शब्दांतच लिहून घ्या: एक गोळी, फक्त सकाळी, जेवणानंतर, इतके दिवस. अर्ध्या मात्रेलाही शब्द वापरा. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा गोल. ०.५ तिथल्या आकड्यांत लिहून झेरॉक्स काढला की ठिपक्याचं काय होतं ते सांगायला नको. शक्य तर भाषांतरकाराला सांगा की सगळे आकडे इंग्रजीच ठेव.

मोतीच्या कार्डावर काय असेल याचा अंदाज करून एक ओळ घेऊ. समजा डॉक्टरांनी ‘टिक फिवर, डॉक्सी १-०-१, २८ दिवस’ असं लिहिलंय. कोकणात गोचिडांमुळे हे अर्ध्या कार्डांवर असतं. ‘डॉक्सी’ हे आपल्याकडचं लाडकं नाव, नकलेत पूर्ण नाव डॉक्सीसायक्लिन आणि मिलिग्रॅम हवेत. ब्रँड कुठलाही असला तरी मूळ औषधाचंच नाव लिहा, इथला ब्रँड तिथे कुणाला माहीत नसतो. ‘टिक फिवर’चं शब्दशः अरबी ‘हुम्मा अल-क़ुराद’ होतं. माणसाला गोचिडातून होणारा क्रिमियन-काँगो ताप तिथल्या अधिकाऱ्यांना चांगला ठाऊक असतो, त्यामुळे असा मोघम शब्द विनाकारण भुवया उंचावतो. रक्त तपासून एरलिचिया किंवा बबेसिया निघालं असेल तर तेच नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि उपचार संपल्याची तारीखही.

फिट्सच्या कुत्र्यांना फेनोबार्बिटल देतात. मोतीला तसलं काही चालू असेल तर भाषांतरापेक्षा मोठा प्रश्न परवान्याचा आहे, कारण ते नियंत्रित औषध आहे. तिथे आधी विचारल्याशिवाय गोळ्या बॅगेत टाकू नका.

लसीच्या बाजूला एकच गल्लत सांगतो. कार्डावर चिकटवलेल्या बाटलीच्या लेबलवर मुदत छापलेली असते. ती बाटलीची मुदत, लसीच्या संरक्षणाची नव्हे. भाषांतरात दोन्हींना एकच शब्द आला तर दोन वेगवेगळ्या ‘शेवटच्या तारखा’ दिसतात. नकलेत लस दिल्याची तारीख, पुढची लस कधी, बॅच क्रमांक आणि बाटलीची मुदत असे चार वेगळे रकाने करा. आणि चिप बसवल्याची तारीख रेबीजच्या लसीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची आहे ना, ते त्या वेळी डोळ्यांखालून घाला.

नावांचं थोडं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून परबांचे ‘बरब’ किंवा ‘बाराब’ होतात. दोन्ही चालतात, पण मिस्टरांच्या रहिवासी ओळखपत्रावर जे अरबी स्पेलिंग आहे तेच इथेही हवं. त्याचा फोटो भाषांतरकाराला द्या. जातीच्या रकान्यात ‘मिक्स’ लिहू देऊ नका. पिटबुलसारख्या जातींना आणि त्यांच्या संकरांना तिथे बंदी आहे, आणि नुसत्या ‘मिक्स’वर कशाचा मिक्स हा प्रश्न येतो. स्थानिक भारतीय कुत्रा असा एकच शब्दप्रयोग कार्ड, टायटरचा अहवाल आणि परवाना तिन्हींवर ठेवा.

फोटोबद्दल: पावसाळ्यात कार्डाला ओल धरते आणि बॉलपेन नसलं तर शाई फुटते. भिजलेलं कार्ड इस्त्रीखाली घालू नका, लेबलं निघतात. लॅमिनेशनही नको, चमक येते आणि वर पुन्हा शिक्का मारता येत नाही. दिवसा पडवीत, फ्लॅश बंद करून, कार्ड सपाट ठेवून बरोबर वरून फोटो काढा. मागची बाजू आणि कोरी पानंसुद्धा घ्या. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अरबी प्रत आली की शिक्का मारायच्या आधी तिची पीडीएफ मागवा. वर्डची फाइल नको, ती दुसऱ्या फोनवर उघडली की आकडे पुन्हा जागा बदलू शकतात. अरबी येत नसली तरी चालेल. नक्कल शेजारी ठेवा आणि फक्त आकडे ताडून बघा: चिपचे पंधरा अंक डावीकडून, मग प्रत्येक तारखेचं वर्ष, मग बॅच. मिस्टरांनाही तेच करायला सांगा, पण तुम्ही काय शोधलंत ते त्यांना आधी सांगू नका.