क्लेरोच्या समीकरणातलं 'जास्तीचं' उत्तर

> y = px − p² मध्ये p च्या जागी c टाकून y = cx − c² आलं. पण पुस्तकात y = x²/4 पण दिलंय. c ची कुठलीही किंमत घातली तरी ते येत नाही. मग 'जनरल' सोल्यूशन कसलं?

p च्या जागी c टाकायची युक्ती परीक्षेत चालते, पण गडबड तिथेच होते. p म्हणजे dy/dx. समीकरणाचं x च्या सापेक्ष विकलन करा. p = p + x·p′ − 2p·p′, म्हणजे (x − 2p)·p′ = 0. इथे बहुतेक जण p′ = 0 धरून मोकळे होतात आणि कंस खोडून टाकतात. तुमचं हरवलेलं उत्तर त्या कंसातच आहे. x = 2p, म्हणून p = x/2, ते मूळ समीकरणात घातलं की y = x²/4.

आता c = 3 घ्या. रेषा y = 3x − 9. ती पॅराबोलाला (6, 9) ला भेटते आणि तिथे पॅराबोलाचा चढही x/2 = 3 च. म्हणजे छेदत नाही, नुसती स्पर्शून जाते. प्रत्येक c साठी असंच, स्पर्शबिंदू (2c, c²). सगळ्या रेषा मिळून ज्या वक्राला घासून जातात तो एन्व्हलप. दादरला शिकवणीत मी फळ्यावर सात-आठ रेषाच काढतो. वक्र न काढताच मुलांना दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. p साठी सोडवलं तर p = (x ± √(x² − 4y))/2. (5, 4) या बिंदूतून दोन रेषा जातात, चढ 4 आणि 1. (2, 3) ला वर्गमुळाखाली −8 येतं, तिथून एकही सोल्यूशन जात नाही. आणि बरोबर पॅराबोलावर दोन्ही चढ एकच होतात. तिथे वर्गमुळाचं y च्या सापेक्ष विकलज अनंताकडे जातं, म्हणून एकमेव उत्तराची हमी देणारं प्रमेय लागू पडत नाही.

नुसती हमी जात नाही, उत्तरंच वाढतात. x = 6 पर्यंत पॅराबोलावरून या आणि तिथून y = 3x − 9 धरा. कुर्ल्याजवळ लोकल सांधे बदलते तसं, धक्का न बसता. किंमत 9, चढ 3, दोन्हीकडून जुळतात, त्यामुळे हा जोडवक्रही समीकरण पाळतो. फक्त दुसरं विकलज तिथे 1/2 वरून 0 वर उडी मारतं. आपण विकलन करताना p′ आहे असं गृहीत धरलं होतं, म्हणून हा पाहुणा त्या दोन पर्यायांत दिसलाच नाही.

तेव्हा 'जनरल' याचा अर्थ 'सगळी' असा घेऊ नका, 'एका स्थिरांकाचं कुटुंब' एवढाच घ्या.

जाता जाता: आमच्या कॉलेजात सगळे 'क्लेरॉट' म्हणायचे. माणूस फ्रेंच, उच्चार क्लेरो, हे काम त्याने 1734 मध्ये मांडलं. व्हायव्हाला मात्र समोरचे सर जसं म्हणतील तसंच म्हणा.