डिमेन्शियात जेवण अर्धवट सोडून उठणं

आईला डिमेन्शिया आहे. दोन घास खाऊन उठते आणि मग जेवायचंच विसरते. काय करू?

भरलेलं ताट समोर ठेवण्याऐवजी हातात धरता येईल असं खायला द्या. चमचा कसा वापरायचा, सुरुवात कुठून करायची, इथेच त्या अडतात. पण बोटांत आलेला तुकडा तोंडाकडे नेण्याची सवय बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकते. उकडलेल्या अंड्याच्या फोडी, मऊ शिजवलेल्या गाजराचे बोटभर तुकडे, केळं, चीज सँडविचचे छोटे चौकोन असं चालेल. एका वेळी एकच पदार्थ, त्याहून वेगळ्या रंगाच्या साध्या बशीत. (नक्षीची बशी नकोच, काही जण नक्षीच वेचत बसतात.)

वेळ रोज तीच ठेवा, टीव्ही बंद करा. पहिला तुकडा तुम्ही हातात द्या आणि समोर बसून स्वतःही खा. तुमचं पाहून पुढचा घास जातो. तरी उठल्या तर आग्रह नको, अर्ध्या तासाने तीच बशी पुन्हा पुढे करा.

अख्खी द्राक्षं आणि सुका मेवा टाळा, घशात अडकतात. गालात घास साठून राहत असेल, खाताना ठसका लागत असेल किंवा नंतर आवाज घरघरता येत असेल, तर गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या. तेव्हा हे तुकडेही धोक्याचे ठरू शकतात.