सीजीएमच्या आलेखात नाश्त्यानंतरचा स्पाइक आणि टाइम इन रेंज कसा वाचायचा?

प्रश्न: बाबांना (वय ६८, टाइप २ मधुमेह) दंडावर सीजीएम, म्हणजे सतत साखर मोजणारा सेन्सर लावलाय. नाश्त्यानंतर रेषा २१०-२१५ पर्यंत जाते, ते बघून ते घाबरतात आणि आता नाश्ताच टाळायला लागलेत. रात्री मात्र १९०-२०० च्या वर जात नाही. ॲपमध्ये टाइम इन रेंज ७४%, वर २४%, खाली २% दिसतं. हे त्यांना समजावून कसं सांगू?

उत्तर:

बाबा शिखराची उंची बघतायत. त्यांना रुंदी बघायला शिकवा, निम्मी भीती तिथेच जाईल.

टाइम इन रेंज म्हणजे दिवसातला किती वेळ साखर ७० ते १८० च्या मध्ये होती, एवढंच. त्यात शिखर किती उंच गेलं हे मोजलं जात नाही, १८० च्या वर किती मिनिटं काढली हे मोजलं जातं. टक्के बाबांच्या पचनी पडणार नाहीत, म्हणून त्यांची मिनिटं करा: १% म्हणजे साधारण १४ मिनिटं. मग २४% म्हणजे जवळजवळ पावणेसहा तास. आता प्रश्न असा की हे पावणेसहा तास दिवसात नेमके कुठे सांडलेत?

त्यासाठी एका दिवसाचा आलेख फोन आडवा धरून उघडा. १८० च्या रेषेवर कागदाची कड ठेवा आणि रेषा कडेच्या वर कधी गेली, खाली कधी आली त्या वेळा लिहून काढा. तुमच्या आकड्यांशी जुळेल असा एक दिवस धरू.

नाश्ता ८:३० ला, तेव्हा साखर ११८. पहिली वीसेक मिनिटं रेषा सपाट. ९:१० ला ती १८० ओलांडते, ९:४० ला २१४ चं शिखर, १०:३५ ला परत १८० च्या खाली. म्हणजे ८५ मिनिटं, जेमतेम ६%. दुपारच्या जेवणानंतर ५० मिनिटं, साडेतीन टक्के. रात्रीचं जेवण ९ ला. ९:४५ ला रेषा १८० च्या वर चढते, १९८ पर्यंत जाते, पण खाली यायला मध्यरात्र उलटून सव्वा वाजतो. हे झाले साडेतीन तास, साडेचौदा टक्के. सगळं मिळून ३४५ मिनिटं, तुमचे २४%.

नाश्त्याचा स्पाइक डोळ्यात भरतो कारण तो टोकदार आहे. रात्रीचा उंचवटा बुटका आणि पसरट असल्यामुळे कोणी त्याच्याकडे बघत नाही, आणि अर्ध्याहून जास्त वेळ तोच खातोय. नाश्त्याचा स्पाइक पूर्ण नाहीसा केला तरी ७४ चे ८० होतील. रात्रीचा उंचवटा नुसता निम्मा केला तर ८१ होतात. हा हिशोब बाबांसमोर कागदावर करा. तोंडी सांगून उपयोग होत नाही.

रात्रीचा उंचवटा पसरट का होतो? जेवण मोठं असतं. त्यात तेलतूप जास्त असेल तर पोट हळू रिकामं होतं आणि साखर तासन्‌तास थोडीथोडी रक्तात येत राहते. वर संध्याकाळनंतर बऱ्याच जणांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, आणि जेवल्यावर माणूस थेट आडवा होतो. जेवणानंतर काही तोंडात टाकायची सवय असेल, तर पहिला चढ उतरायच्या आत दुसरा सुरू होतो. आलेखात तो छोट्या दुसऱ्या कुबडासारखा दिसतो.

बदल एका वेळी एकच करा. आधी जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं, तीनेक दिवस, जेवण तेच आणि वेळ तीच ठेवून. मग पिष्टमय पदार्थ शेवटी खाऊन बघा, आधी भाज्या आणि प्रथिनं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर रेषा कशामुळे खाली आली हे कळणार नाही. ॲपमध्ये जेवणाची नोंद पहिल्या घासाच्या वेळेची करा. ताट उचलताना नोंद केली तर जेवायच्या आधीच साखर चढली असं दिसतं, आणि मग नसती चर्चा सुरू होते.

एका दिवसावरून निकाल मात्र लावू नका. १४ दिवसांचा अहवाल उघडा. त्यात मधली जाड रेषा म्हणजे त्या वेळेची मधली किंमत, आणि भोवतीच्या गडद पट्ट्यात मधले निम्मे आकडे बसतात. रात्री दहा ते एकच्या दरम्यान गडद पट्टाच १८० च्या वर असेल तर तो रोजचा प्रकार आहे. फक्त बाहेरचा फिकट पट्टा वर जात असेल तर ते अधूनमधूनचं आहे. सेन्सर निदान ७०% वेळ चालू नसेल तर त्या अहवालावर फार विसंबू नका.

बोट टोचून आलेला आकडा आणि सेन्सरचा आकडा जुळत नाही म्हणूनही बाबा वैतागतील. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखाली पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातली मोजतो, आणि तिथे बदल ५ ते १५ मिनिटं उशिरा पोचतो. जेवणानंतर रेषा चढत असताना दोन्हींत फरक पडणारच. तुलना करायची तर ॲपमधला बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असताना करा. नवीन सेन्सरचा पहिला दिवसही हिशोबात फारसा धरू नये.

आता ते २%. मला नाश्त्याच्या स्पाइकपेक्षा याचीच जास्त चौकशी करावीशी वाटते. ते रात्री दोन-तीनच्या सुमारास दिसतं का, रेषा एकदम सरळ खाली कोसळून तशीच झटक्यात वर येते का, हे बघा. तसं असेल तर बहुधा बाबा सेन्सरच्या कुशीवर झोपलेत. दाबामुळे तिथला द्रव कमी होतो आणि आकडा खोटा कमी येतो. सेन्सर दुसऱ्या दंडावर लावल्यावर किंवा कूस बदलल्यावर हे थांबलं तर शंका फिटली.

पण रेषा हळूहळू उतरत ७० च्या खाली जात असेल, विशेषतः नाश्ता टाळलेल्या सकाळी, तर ते खरं मानून चला. बाबा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर नाश्ता टाळणं धोक्याचं आहे, कारण औषध जेवणाची वाट बघत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. साधारण प्रौढांसाठी ७०% च्या वर वेळ रेंजमध्ये आणि ४% पेक्षा कमी वेळ ७० च्या खाली, असं लक्ष्य धरतात. वय जास्त आणि सोबत इतर आजार असतील तर ते सैल करून रेंजमध्ये ५०% च्या वर, पण खाली १% पेक्षा कमी, असं ठेवतात. बाबा कुठल्या गटात बसतात हे डॉक्टरच ठरवतील. १४ दिवसांचा अहवाल आणि गोळ्यांची नावं घेऊन जा, डोस घरी बदलू नका.

तोवर आकडा ७० च्या खाली दिसला आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखं काही असलं तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी बोट टोचून बघा. सेन्सर त्या वेळीही मागेच असतो, रेषा अजून खालीच दिसते म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा साखर देत बसलात तर तासाभराने तीच रेषा २५० वर जाते. बोटाचा आकडा अजून ७० च्या खाली असेल तरच आणखी १५ ग्रॅम द्या. शुद्ध हरपत असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णवाहिका बोलवा.