फूड सेफ्टीचं प्रमाणपत्र आणि डाएटेटिक्सचा एसओपी

"मॅडम, पदवीनंतर मी फूड सेफ्टीचा सर्टिफिकेट कोर्स केला. आता डाएटेटिक्सच्या मास्टर्सला अर्ज करतेय. एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, हे प्रमाणपत्र लिहिलं तर 'हिला नक्की कुठे जायचंय?' असं वाटेल, नाही लिहिलं तर मधला काळ रिकामा दिसेल. काय करू?"

अगदी याच अडचणीत सापडलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील गाळून तिचा अर्ज कसा घडला ते सांगते. तुमचं उत्तर त्यात सापडेल.

तिच्या पहिल्या मसुद्यात प्रमाणपत्रावर चांगला मोठा परिच्छेद होता. हॅसप म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याची पद्धत, तिची सातही तत्त्वं ओळीने लिहिली होती: धोक्यांचं विश्लेषण, नियंत्रणाचे कळीचे टप्पे, त्यांच्या मर्यादा, देखरेख, दुरुस्ती, पडताळणी आणि नोंदी. शेवटी वाक्य होतं, "या प्रशिक्षणामुळे मला अन्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहता आलं." यातलं काहीच चुकीचं नव्हतं. पण एसओपी वाचणारे प्राध्यापक हॅसप स्वतः शिकवत असतात. त्यांना या परिच्छेदातून एवढंच कळतं की मुलगी परीक्षा पास झाली, आणि ते तर गुणपत्रिकेवरही दिसतं. मी तिला म्हटलं, "हाच परिच्छेद फूड टेक्नॉलॉजीच्या अर्जात चिकटवून बघ." तो तिथे जास्त शोभला. वाचणाऱ्याच्या मनात शंका येते ती इथेच. प्रमाणपत्र वेगळ्या विषयाचं असतं हे त्याचं कारण नाही. त्याबद्दल लिहिलेलं सगळं त्या वेगळ्या विषयापाशीच थांबतं, हे कारण आहे.

फूड सेफ्टीचं लक्ष अन्नावर असतं. पातेल्यातलं सगळं अन्न सुरक्षित आहे की नाही, हा तिचा प्रश्न, आणि ताट हातात गेलं की तिचं काम बहुतेक संपतं. आहारतज्ज्ञाचं काम माणसापासून सुरू होतं: याची गरज किती, पोटात किती गेलं, त्याने फरक पडला का. मूल्यमापन, पोषणविषयक निदान, उपाययोजना, पाठपुरावा ही त्या कामाची रीत. म्हणून प्रमाणपत्राच्या कामात एखादी जागा शोधायची, जिथे सुरक्षिततेच्या सगळ्या खुणा 'बरोबर' होत्या आणि तरीही प्रश्न उरला. तो उरलेला प्रश्न हाच तुमचा 'पर्पज'.

"डाएटेटिक्स का?" असं विचारलं की मुलं पाठ केलेलं बोलतात. म्हणून मी तिला ते विचारलंच नाही. म्हटलं, "प्रॅक्टिकलमध्ये रोज काय करायचीस ते सांग. नोंदवहीत कुठले रकाने होते?"

तिचं प्रॅक्टिकल एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात झालं होतं. गिळायला त्रास असलेल्या रुग्णांसाठी तिथे जेवण मिक्सरमधून काढून मऊसूत प्युरी करत. तिच्याकडे त्या प्युरीच्या तापमानाची नोंद होती. पदार्थ शिजताना आतपर्यंत ७५ अंशांच्या वर जायचा, पण मिक्सरच्या भांड्यात पडून फिरेपर्यंत ५० च्या आसपास उतरायचा. ५ ते ६० अंश हा जिवाणू वाढण्याचा पट्टा. त्यात मिक्सरच्या पात्याखाली आणि रबरी रिंगमध्ये अन्न अडकतं, ते नीट निघत नाही, म्हणजे शिजलेलं अन्न पुन्हा दूषित व्हायची वाट तयारच. म्हणून प्युरी परत ७५ पर्यंत तापवायची आणि वाढेपर्यंत ६० च्या वर ठेवायची, असा टप्पा त्यांनी ठरवला होता. हे सांगताना ती खुलली होती. मसुद्यात मात्र यातलं अक्षरही नव्हतं!

मग ती सहज म्हणाली, "पण मॅडम, परत तापवलं की प्युरी आळायची. मग मावशी उकळतं पाणी घालून सैल करायच्या."

मी विचारलं, "आणि वाढायला डाव कोणता?"

"तोच."

इथे आम्ही थांबलो आणि हिशेब मांडला. समजा, एक किलो शिजलेल्या पदार्थात १२० ग्रॅम प्रथिनं आहेत, म्हणजे १०० ग्रॅमच्या डावात १२ ग्रॅम. त्यात ६०० मिलिलिटर पाणी पडलं, वजन १६०० ग्रॅम झालं. डाव तोच, पण आता त्यात साडेसात ग्रॅम. एका वेळेला साडेचार ग्रॅमची तूट, आणि तिन्ही वेळा असंच झालं तर दिवसाला साडेतेरा. ५० किलो वजनाच्या वयस्कर रुग्णाला दर किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिनं धरली तर गरज ५० ग्रॅमची. त्यातला चौथा हिस्सा नुसत्या पाण्याने गेला. आणि नोंदवहीत? तापमान बरोबर, पाणी उकळलेलं, सही झालेली.

तिने तेव्हा पातेलं जास्त भरलेलं पाहून पर्यवेक्षकांना विचारलं होतं. त्यांनी आहारतज्ज्ञांना बोलावलं. आहारतज्ज्ञांनी वजन केलं, पाण्याऐवजी दूध वापरायला सांगितलं आणि वाढायचं माप बदललं. "मग मीच का नाही शोधू शकले, असं वाटत राहिलं," ती म्हणाली. मी म्हटलं, हे वाक्य आहे तसं लिही.

नवा परिच्छेद साधारण असा झाला:

"प्रशिक्षणात माझ्याकडे प्युरी आहाराच्या तापमानाच्या नोंदी होत्या. पुन्हा तापवल्यावर घट्ट झालेली प्युरी उकळत्या पाण्याने सैल केली जात असे. माझ्या तक्त्यानुसार ती पूर्ण सुरक्षित होती. पातेल्यातलं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून मी पर्यवेक्षकांना विचारलं, आणि आहारतज्ज्ञांनी दाखवून दिलं की प्रत्येक डावातली प्रथिनं बरीच कमी झाली होती. अन्न सुरक्षित आहे का हे मी सांगू शकत होते. ते त्या रुग्णाला पुरतंय का हे मला सांगता येत नव्हतं."

यात हॅसप हा शब्दही नाही, तरी तिला ते येतं हे स्पष्ट दिसतं. आणि पुढचं वाक्य आपोआप डाएटेटिक्सकडे जातं.

तिच्या एका आधीच्या वाक्याबद्दल मी कडक होते. तिने लिहिलं होतं, "मी रुग्णांच्या आहाराचं पोषणमूल्य सुधारलं." सुधारलं ते आहारतज्ज्ञांनी. तिने नोंद ठेवली, तिच्या लक्षात आलं, तिने विचारलं. हीच क्रियापदं ठेवायची. सेफ्टीच्या प्रमाणपत्रावर रुग्णाचा आहार ठरवता येत नाही, हे निवड समितीला पक्कं माहीत असतं. मुलाखतीत "गरज कशी मोजलीत?" एवढं विचारलं तरी असा दावा कोसळतो. शिवाय आपल्या कामाची हद्द ओळखणं या व्यवसायात फार मोलाचं आहे, आणि ते तिच्या खऱ्या क्रियापदांतून आपसूक दिसत होतं. रुग्णालयाचं नाव, रुग्णांची माहिती, तपासणीतले आतले आकडे हे सगळं आम्ही गाळलं. हिशेब दाखवायचाच असेल तर 'समजा' म्हणून दाखवावा.

पुढचा भाग लवकर झाला. गिळण्याच्या त्रासासाठी अन्नाच्या घट्टपणाची आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पातळ्यांची रचना आहे, ० ते ७ अशी, आणि प्युरी त्यात ४ वर येते. चमचा तिरका केला की प्युरी गोळ्यासारखी सरकून पडली पाहिजे, चमच्याला फारशी चिकटून राहता कामा नये. हे तिने नंतर स्वतः वाचलं होतं, तेही दोन ओळींत आलं. मग अभ्यासक्रम उघडून त्या प्रश्नाशी थेट जोडलेले दोनच विषय निवडले: पोषण मूल्यमापन आणि क्लिनिकल न्यूट्रिशनमधलं प्रत्यक्ष काम. काय कमी आहे तेही लिहिलं. खऱ्या रुग्णाकडून चोवीस तासांचा आहार विचारून घेण्याचा अनुभव तिला नव्हता. विद्यापीठाच्या नावलौकिकावरचा परिच्छेद पूर्ण काढला. तो कुठल्याही विद्यापीठाला चालला असता.

मुलाखतीत तिला अपेक्षित तोच प्रश्न आला: "फूड सेफ्टी ऑडिटर म्हणून चांगली नोकरी मिळेल, मग हा कोर्स मध्येच सोडणार नाही कशावरून?" तिने सांगितलं की नोंदी तपासण्यापेक्षा त्या अन्नाचं पुढे काय होतं हे तिला हवंय, आणि आहारतज्ज्ञ झाल्यावरही रुग्णालयाच्या स्वयंपाकघराशी रोजचा संबंध येणारच आहे, तिथे हे प्रशिक्षण वाया जाणार नाही. उत्तर तिला पाठ करावं लागलं नाही, ते एसओपीतच होतं.

तुमचं प्रॅक्टिकल रुग्णालयात झालं नसेल, कदाचित नुसतं वर्गात झालं असेल, तरी अशी जागा सापडते. लिस्टेरियाचं घ्या. हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि गर्भवतींना त्याचा धोका जास्त, म्हणून सेफ्टीच्या पुस्तकात त्यांच्यासाठी 'टाळा'ची यादी असते, कच्च्या दुधाच्या मऊ चीजसारख्या पदार्थांची. ती यादी पाठ करून तुम्ही परीक्षा दिली असेल. पण त्या बाईने ते टाळल्यावर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून घ्यायची, मळमळ होत असताना काय खाववेल, याचं उत्तर त्या पुस्तकात नसतं. वाचताना हा प्रश्न तुम्हाला खरोखर पडला असेल तरच लिहा. पडला नसेल तर तुमच्या वहीतलं दुसरं पान बघा.

प्रमाणपत्राला एसओपीत सुरुवातीची जागा देऊ नका. आधी प्रश्न कुठे पडला ते येऊ द्या, मग त्याच ओघात एका वाक्यात प्रमाणपत्राचं नाव, देणारी संस्था, वर्ष, आणि परीक्षा नुसती लेखी होती की प्रत्यक्ष कामही होतं ते सांगा. अशा अनेक प्रमाणपत्रांना मुदत असते. तुमची संपली असेल तर बायोडेटात मिळाल्याची आणि संपल्याची, दोन्ही तारखा लिहा. मधल्या रिकाम्या काळाचं वेगळं स्पष्टीकरण मग द्यावं लागत नाही, तो काळ कशात गेला ते वाचणाऱ्याने तोवर वाचलेलं असतं. मसुदा झाला की त्या परिच्छेदातून 'फूड सेफ्टी' हे शब्द झाका आणि पाहा, डाएटेटिक्सच्या प्राध्यापकांना त्यात त्यांच्या विषयाचा प्रश्न दिसतोय का. दिसत नसेल तर मला फक्त तेवढा परिच्छेद आणि नोंदवहीचे रकाने पाठवा.